मालूमावशीचे साडेआठ

मालूमावशीने आयुष्यात कुठलीही गोष्ट दोनदा मागितली नाही. हे मला अनिताने सांगितलं, तिच्या शेजारणीने. मिठागरावर असताना एका मोसमात मावशीने मुकादमाकडे रबरी बूट मागितले. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून तिने आपले पाय दाखवले, टाचांच्या भेगांत मीठ शिरून लाल झालेले. मुकादम म्हणाला, देतो. मग विसरला. मावशी अख्खा मोसम अनवाणी मिठाच्या वाफ्यांत उभी राहिली, पण पुन्हा काही त्याच्यापुढे पाय केले नाहीत. मोसम संपताना त्याला आठवलं, तेव्हा तो बूट घेऊन आला. मावशीने ते घेतले आणि दारात ठेवून त्यांत कढीलिंब लावला. तो कढीलिंब अजून आहे.

मी सुशील. राहायला वरसे गावात, रोह्याला लागून, आणि कामाला पेण. घरांवर बिनतारी नेटचे डबे बसवतो. छपरावर किंवा गच्चीवर एक पांढरा डबा लावायचा, त्याचं तोंड टॉवरकडे करायचं, तिथून एक वायर घरात आणून राउटरला जोडायची, झालं. जिथे जमिनीखालून केबल पोचत नाही तिथे आमची कंपनी पोचते, असं आमच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. खाडीकडच्या गावांत केबल पोचतच नाही. खारजमिनीत खड्डा खणला की पाणी लागतं आणि खांबावरची वायर दोन पावसाळ्यांत गंजते. म्हणून त्या बाजूला माझा भाव मोठा होता. गावात शिरलो की लोक चहाला बोलवायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मावशीच्या घरी डबा लावला तो जून महिन्यात. तिची मुलगी प्रणिता कुवेतला एका घरात आजारी म्हातारीची काळजी घ्यायला होती. तिनेच तिकडून अर्ज भरला होता. मी गेलो तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. मावशी दारात उभी होती. साठीची, काटक बाई, नऊवारीचा काष्टा वर खोचलेला. मी म्हटलं, "मावशी, शिडी आहे का?" ती नुसती हसली. तेवढ्यात शेजारून अनिता धावत आली.

"दादा, काकीला ऐकू येत नाय. बोलता पण नाय येत. तीन वर्षांची असताना ताप आला, तवापासून."

मग मी हाताने शिडी चढून दाखवली. मावशीने लगेच मागच्या पडवीतून शिडी आणली आणि मी वर चढलो तशी ती खालून धरूनच उभी राहिली. मी उतरेपर्यंत सोडली नाही.

ती कधी शाळेत गेली नव्हती. मुक्याबहिऱ्यांची जी शिकवलेली खुणांची भाषा असते ती तिला ठाऊक नव्हती. तिची भाषा तिने आणि तिच्या नवऱ्याने, विठूने, मिठागरावर उभं राहून जुळवलेली. मनगटावर मनगट घासलं की मीठ. कानामागे बोट नेलं की प्रणिता, कारण लहानपणी तिच्या कानामागे तीळ होता म्हणून. हाताच्या पालथ्या बाजूवर फुंकर मारली की 'जाऊ दे, सोड'. विठू गेल्याला दहा वर्षं झाली. त्यानंतर ही भाषा पुरती येणारी माणसं जगात दोनच उरली होती, मावशी आणि प्रणिता. अनिताला जेव, ये, पाऊस, फोन एवढं कळायचं. तिचा नवरा डोलवीच्या प्लांटमध्ये कंत्राटावर, दोन पोरं, घरकाम. तिने आणखी शिकायचं तरी कधी?

आणि ह्या भाषेचा एक नियम होता. समोरच्याचे हात हलत असतील तोवर आपण बघायचं. समोरच्याचे हात थांबले की आपली पाळी. मधे घुसायचं नाही. साधा नियम आहे, आपल्यासारख्या तोंडाळ माणसांना तो पाळता येत नाही एवढंच.

आता कल्पना करा. मावशीला वाचता येत नाही, म्हणजे मेसेज बाद. ऐकू येत नाही, म्हणजे साधा फोन बाद. ह्या मायलेकींना बोलायचं तर चित्रच लागणार, आणि तेही न अडखळणारं. तुमचा माझा व्हिडिओ कॉल अडकला तरी आवाज येत राहतो, आपण 'हां हां, ऐकतोय' करून निभावून नेतो. ह्यांच्या चित्राने दोन सेकंद दम खाल्ला की वाक्य गेलं. प्रणिताला त्या घरी संध्याकाळी सहा वाजता अर्धा तास सुटी मिळायची, तेव्हाच फोन हातात. तिकडचे सहा म्हणजे आपल्याकडचे साडेआठ. रोज साडेआठ. दुसरी वेळच नाही.

हे सगळं अनिताने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं, मान हलवली आणि डब्याचं तोंड रामवाडीच्या टॉवरकडे केलं, कारण तिकडे सिग्नलच्या पाच काड्या येत होत्या. आमच्यात पाच काड्या म्हणजे काम फत्ते. चारच्या खाली असेल तर कंपनीचं ॲप बसवणी मंजूरच करत नाही. स्पीड मोजला, एकशे बेचाळीस आला. रिवाजाप्रमाणे डब्यावर मार्करने लिहिलं, 'सिग्नल ५, स्पीड १४२', खाली तारीख. मग मावशीच्या हातात तो आकडा असलेला फोन देऊन फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. फोटोत मावशी फोन असा धरून उभी आहे जसा काही तिला कुणी सत्कारात नारळ दिलाय.

तारीख लिहिली, वेळ नाही लिहिली. वेळ लिहायची पद्धतच नव्हती.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. काड्या सांगतात टॉवर तुम्हाला किती स्पष्ट दिसतोय. टॉवर किती मोकळा आहे ते काड्या सांगत नाहीत. टॉवरचं नेट म्हणजे गावची पाण्याची टाकी. दुपारी नळ सोडला तर धो धो. सकाळी सात वाजता सगळ्या गावाने सोडला की करंगळीएवढी धार, टाकी तीच आणि पाइपही तोच. टॉवरच्या प्रत्येक बाजूचं नेट त्या बाजूच्या सगळ्या घरांत आणि सगळ्या मोबाइलांत वाटलं जातं. साडेअकराला पुरुष कामावर, पोरं शाळेत, टॉवर रिकामा. संध्याकाळी आठ ते अकरा जो तो घरी, घराघरांत मालिका, मॅच, पोरांचे गेम. त्यात रामवाडीच्या टॉवरची जी बाजू मावशीच्या गावाकडे होती, तीच महामार्गावर. म्हणजे गाड्या अडकल्या की त्या गाड्यांतले फोनही त्याच टाकीवर.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या स्वतःच्या घरी वरशात तेच व्हायचं. बायको, ऋतुजा, रोज संध्याकाळी टोमणा मारायची, "गावभर नेट वाटतोय आणि घरात चकरी फिरतेय. लोकांच्या घरी पण असंच लावता का?" मी म्हणायचो, "संध्याकाळी सगळीकडेच थोडं हळू होतं." दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

जुलैपासून मावशीच्या घरच्या तक्रारी सुरू झाल्या. त्या कुवेतहून यायच्या, प्रणिताच्या नावाने. 'आईचं चित्र थांबतं.' तक्रार निवारणाची आमची वेळ दहा ते सहा. मी आपला दुपारी जायचो, मोजायचो, एकशे तीस, एकशे पस्तीस. अनिता कमरेवर हात ठेवून उभी.

"दादा, आता ते चालणारच. तू रातच्याला ये ना, साडेआठला."

"वहिनी, आमची ड्यूटी सहापर्यंत. आणि काही झालं तर तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट द्या की मावशीला."

"दिला की! त्याच्यावर पण तसंच. चित्र फोटोवाणी होतं."

होणारच होतं. अनिताचा मोबाइल आमच्याच कंपनीचा, म्हणजे त्याच टॉवरवर, त्याच बाजूवर. एका हंड्यात धार बारीक पडते म्हणून त्याच नळाखाली दुसरा हंडा लावायचा असा तो सल्ला होता. देताना मला ते कळत होतं की नव्हतं, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मला वाटतं कळत होतं. पण तक्रार बंद करायला ग्राहकाच्या फोनवर एक नंबर येतो, तो हवा असतो. मावशी प्रत्येक वेळी विश्वासाने फोन माझ्यापुढे धरायची आणि मी नंबर टिपून घ्यायचो. तीन तक्रारी अशा बंद केल्या. वर तिच्या हातचा चहा प्यायलो.

गणपती आले. म्हणजे यायचे होते, चतुर्थीला दोन दिवस होते. तुम्ही त्या दिवसांत पेणला असाल तर मी काय सांगायचं? मुंबईचे चाकरमानी निघालेले, गाड्या वडखळपासून रामवाडीपर्यंत एकीला एक चिकटलेल्या, त्यात मूर्ती घेऊन निघालेले टेम्पो. मी मोटरसायकलवरून रोह्याला घरी निघालो होतो. संध्याकाळचे साडेसात. अर्धा तास जागेवरून हललो नाही. ऋतुजाला उशीर होईल असं कळवावं म्हणून फोन काढला तर पाच काड्या आणि मेसेज जाईना. नुसतं घड्याळाचं चित्र. आजूबाजूला बघितलं तर प्रत्येक गाडीत फोन पेटलेला. कुणी व्हिडिओ बघतंय, कुणी रस्ता शोधतंय, एक पोरगी खिडकीतून हात काढून घरच्यांना जाम दाखवायचा प्रयत्न करतेय आणि वैतागतेय. मी वळून टॉवरकडे पाहिलं. मग मला मावशी आठवली. त्या दिवशी सकाळीच तिची चौथी तक्रार आली होती. गाडी कडेच्या कच्च्या वाटेने काढली आणि खाडीकडे वळलो.

पोचलो तेव्हा साडेआठला पाच कमी होते. दार उघडं. मावशी जमिनीवर बसलेली, समोर पाटावर तांब्याला टेकवून फोन उभा केलेला, डोक्यावरचा दिवा मुद्दाम पुढे ओढून घेतलेला, हात नीट दिसावेत म्हणून. केस विंचरलेले. बाजूला अनिता अळूची पानं निवडत बसली होती. मला बघून मावशी हसली आणि हाताने बस म्हणाली.

फोन चमकला. प्रणिता आली. चार सेकंद हलली, हात उचलला, काहीतरी सुरू केलं, हात मांडीवर आले आणि चित्र थांबलं. मी माझ्या फोनवर, मावशीच्याच राउटरवरून, मोजलं. येणारा स्पीड शून्य पूर्णांक आठ दशांश, जाणारा दोन दशांश. काड्या पाच. माझं सगळं ध्यान त्या आकड्यांवर. चोर सापडल्याचा आनंद झाला मला, खरंच झाला.

आणि तिकडे मावशी बोलत होती.

प्रणिताचे हात थांबलेले दिसत होते, म्हणजे मावशीची पाळी. नियमच तसा. ती सावकाश, एकेक खूण पुरी करून बोलत होती. छातीवर हात ठेवला, डाव्या खांद्यावरून कोपरापर्यंत दुसरा हात ओढला, मग आणखी बरंच काही, जे मला कळत नव्हतं. फोनच्या कोपऱ्यात आपलं स्वतःचं छोटं चित्र दिसतं ना, त्यात ती हलत होती, अगदी सुरळीत. ते चित्र कुठे जाऊन येत नाही, आपलाच फोन ते आपल्याला दाखवतो. पण मावशीला ते कोण सांगणार? तिला वाटत होतं, मी हलताना दिसतेय म्हणजे पोचतंय. थांबलीय ती लेक, तिला माझी पाळी संपेपर्यंत थांबायचंच आहे.

दोन-तीन मिनिटं ती बोलली. मग हात मांडीवर ठेवून उत्तराची वाट बघत बसली. चित्र हललं नाही. मग कॉल आपोआप तुटला. मावशीने फोन उचलला, पदराने पुसला आणि फळीवर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सांगायचं ते सांगून झाल्यावर माणूस जसा मोकळा दिसतो तशी ती दिसत होती.

मला कळलं होतं की ह्यातलं अक्षरही कुवेतला गेलं नाही. मी अनिताला म्हणालो, "वहिनी, सापडलं! उद्या संध्याकाळी येतो आणि मिटवूनच टाकतो."

एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून साडेसातला शिडी लावली. मावशीने खालून धरली. डबा रामवाडीवरून फिरवला आणि खाडीपलीकडे, भातशेतांच्या मधे जो एकटा टॉवर आहे त्याच्याकडे केला. तिकडे दोनच काड्या. लांबचा, पण त्याच्या वाट्याला चार वाड्या आणि बगळे. डब्याच्या सेटिंगमध्ये त्याच टॉवरला बांधून टाकला, नाहीतर डबा पुन्हा जवळच्याकडे पळतो. ॲप लाल झालं, 'सिग्नल अपुरा, बसवणी नामंजूर'. होऊ दे. मोजलं तर येणारा अठरा, जाणारा सहा. आठ वाजता मोजला, सव्वाआठला मोजला, अठराच. एकशे बेचाळीसपुढे अठरा म्हणजे काहीच नाही, पण हा अठरा साडेआठलाही अठराच होता.

प्रणिता आली आणि हलत राहिली. तसं काही मी आधी पाहिलं नव्हतं. दोघींचे हात असे चालले होते की मला माझे हात कुठे ठेवावेत कळेना. मावशीने माटोळी दाखवली, फळं-पानं लावून गणपतीच्या वर बांधायची ती. अनिताच्या धाकट्याने मखराचा रंग कसा सांडला त्याची नक्कल केली. प्रणिता तिकडे तोंडावर हात धरून हसत होती. एकदा मावशीने माझ्याकडे बोट केलं, दोन हातांनी डबा धरला आणि फिरवला, मग प्रणिताला काहीतरी सांगितलं. प्रणिताने मला हात जोडले. मी उगाचच 'अहो राहू दे, राहू दे' म्हणालो, दोघींनाही. अनिताने मला मोदक खायला घातले, चतुर्थीच्या आधीच, चाखायला म्हणून. मी तीन खाल्ले. रोह्याला जाताना गाडीवर गाणं म्हणत गेलो.

ती धरून चार संध्याकाळी दोघी बोलल्या. ज्येष्ठागौरी आल्या त्या सकाळी अनिता तेरड्याची गौर द्यायला मावशीकडे गेली. दार उघडं होतं, चूल पेटलेली नव्हती. मावशी अंथरुणातच गेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. बरेच दिवस कुरकुरत असणार.

मला ते दोन दिवसांनी कळलं. प्रणिता पाचव्या दिवशी पोचली, ज्या घरी कामाला होती त्यांनी पासपोर्ट द्यायला वेळ लावला म्हणून. सातव्या दिवशी मी गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, दारात पोचेपर्यंत सगळं विसरलो.

प्रणिता ओटीवर बसली होती. फोनमध्ये दिसायची त्यापेक्षा लहानखुरी. मला बघून म्हणाली, "तुम्हीच ना सुशीलदादा? डबा फिरवणारे?" आणि तिने तीच खूण केली, दोन हातांनी धरून फिरवायची. "आई बोलली होती तुमच्याबद्दल. बोलली, हा माणूस उपाशी घरी जातो, त्याला जेवायला बसवत जाईन."

मी खाली बसलो. आत अनिता चहा ठेवत होती.

"मला एक समजत नाय," प्रणिता म्हणाली. "चार दिवस इतकं चांगलं बोललो आम्ही. सगळं बोलली. माटोळीत काय काय बांधलं ते पण बोलली. मग दुखतंय ते का नाय बोलली? माझ्यापासून कधी काय लपवलं नाय तिनं."

अनिता चहा घेऊन बाहेर आली, तशीच उभी राहिली.

"बोलली होती गो ती," अनिता म्हणाली. "तुला तीन दिस सांगत होती ना, गणपतीच्या आधी. मी इथंच बसलेली. मला वाटलं तुझी आठवण येते असं बोलते. छातीवर हात ठेवून बोलत होती."

प्रणिता तिच्याकडे बघत राहिली. "त्या दिवसांत मला आई नुसती बसलेली दिसायची. हात मांडीवर. मला वाटायचं ती पण वाट बघतेय. वयनी, कसं बोलत होती? करून दाखव."

"मला अर्थ नाय कळत गो."

"अर्थ नको. हात कसे केले ते दाखव."

अनिताने कप खाली ठेवला. पदर खोचला आणि मावशी बसायची तिथे, पाटासमोर जाऊन बसली. तिने छातीवर हात ठेवला. खांद्यावरून कोपरापर्यंत ओढला. मग थांबून, आठवून, एकेक. मुठी उघडल्या, मिटल्या. कानामागे बोट नेलं. तेरड्याची जुडी धरावी तसं काहीतरी धरलं आणि उंबऱ्याकडून आत आणलं. शेवटी दोन्ही हात पुढे करून आपल्याकडे ओढले. तिला स्वतःला कळत नव्हतं काय बोलतेय ते. एके ठिकाणी चुकली, 'नाय, असं नाय, असं' म्हणून पुन्हा केलं.

प्रणिता ते वाचत होती. सुरुवातीला नुसते ओठ हलत होते, मग आवाज आला.

"इथं दुखतं. हात जड होतो. घाबरू नको. कामावरच्या बाईला विचार. गौरीला... गौरी घरात घेतील तेव्हा... तू ये."

मग म्हणाली, "ये बोलली होती."

अनिता पाटासमोरच तोंडाला पदर लावून रडायला लागली. "रोज हेच केलं का?" प्रणिताने विचारलं. अनिताने मान डोलावली. म्हणजे, ज्या बाईने मुकादमाला दुसऱ्यांदा पाय दाखवले नाहीत, तिने लेकीला तीनदा बोलावलं. तीनदा लेकीचे हात मांडीवरच राहिले. चौथ्या दिवशी चित्र हललं, लेक हसत आली, आणि गौरीला येण्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. मग मावशीने काय समजायचं? हाताच्या पालथ्या बाजूवर फुंकर मारली असेल आणि माटोळीचं बोलायला लागली असेल.

मी गप्प राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पण ते मला जमेना. मी म्हणालो, "तिसऱ्या दिवशी मी इथेच होतो. ती बोलत होती तेव्हा. मी स्पीड मोजत होतो."

प्रणिता माझ्याकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं, पोचलं नाय ते?"

"हो."

"आईला सांगितलंत?"

"नाही."

का नाही, तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करणार होतो म्हणून. दुरुस्त झालं की मागचं आपोआप भरून निघतं असं मला वाटलं म्हणून. अनिताला खूण करून सांगता आलं असतं. मलाही आलं असतं, फोनकडे बोट दाखवून नुसती 'नाही' अशी मान हलवली असती तरी पुरलं असतं. मावशीने पुन्हा सांगितलं असतं. ते दोनदा मागणं झालं नसतं, पहिलंच झालं असतं. हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

प्रणिता ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघत बसली.

त्या घराचा नियम मला ठाऊक होता. समोरच्याचे हात थांबले की आपली पाळी. चहावर साय धरली, तरी पाळी माझीच होती.